आजीच्या फोटोतून माजी नवऱ्याला काढायचं आहे, मागची जागा कशी भरू?

"आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा ग्रुप फोटो आहे. आजी आता नाही, आणि सगळं घर एकत्र असलेला हा एकच फोटो. मागच्या रांगेत माझ्या शेजारी घटस्फोटित नवरा उभा आहे, त्याचा हात माझ्या डाव्या खांद्यावर, साडीच्या पदरावर. मागे खिडकीची जाळी आणि झेंडूच्या माळा. त्याला काढलं तर त्याच्या जागी काय येणार? फोटोशॉप जुजबी येतं."

त्याच्या जागी शक्यतो खरी भिंतच येऊ द्या. ती कुठल्या ना कुठल्या फोटोत सापडते. ग्रुप फोटो काढताना फोटोग्राफर एकावर कधीच थांबत नाही, कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. शिवाय त्याच भिंतीसमोर औक्षण झालं असेल, सजावट झाल्यावर कुणी मोबाईलवर रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढला असेल. नातेवाइकांकडून हे सगळं मागवा, फक्त व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. एरवी व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं आणि जाळीच्या कडा विरघळतात. मी फोटो दुरुस्तीचंच काम करतो. माणूस पुसायला वेळ लागत नाही, त्याने काय झाकलं होतं ते शोधण्यातच सगळा वेळ जातो.

असा फोटो मिळाला की तो तुमच्या फोटोवर नव्या लेयरमध्ये ठेवा आणि लेयरचा ब्लेंड मोड Difference करा. दोन्ही फोटोंत जे तंतोतंत जुळतं ते काळं दिसतं, बाकी सगळं चमकतं. आता Ctrl+T दाबा, राइट क्लिक करून Distort घ्या आणि चारही कोपरे ओढत राहा, जाळीचे गज काळे होईपर्यंत. माणसं जुळणार नाहीत, तिकडे बघूच नका. फक्त भिंत आणि खिडकी जुळली पाहिजे. मग मोड परत Normal करा. रंग थोडा वेगळा दिसेल, कारण एका फोटोत फ्लॅश जास्त पडलेला असतो, दुसऱ्यात ट्यूबलाइटचा हिरवट उजेड असतो. त्या लेयरपुरता Curves लावून तो जुळवा. शेवटी लेयरला काळा मास्क देऊन जिथे तो उभा आहे तेवढ्याच भागात पांढरा ब्रश फिरवा. तो नाहीसा होईल आणि मागची भिंत दिसायला लागेल.

दुसरा फोटो मिळालाच नाही तर भिंत याच फोटोतून उभी करावी लागते. आधी सरळ रेषा, मग बाकीचं. जाळी एकसारखी असते, म्हणून खिडकीच्या उघड्या बाजूचा तुकडा कॉपी करून आडव्या गजाला गज लावून बसवा. नुसत्या रंगवलेल्या भिंतीसाठी Edit > Content-Aware Fill चालतं, पण त्यातला हिरवा भाग, म्हणजे फोटोशॉप जिथून नमुना उचलतं तो, ब्रशने पुसून फक्त भिंतीपुरता ठेवा. तसं केलं नाही तर भिंतीवर काकांचा कान उगवतो. झेंडूच्या माळा Clone Stamp ने करा, दोन-तीन वेगवेगळ्या माळांमधून तुकडे घ्या आणि एखादा उलटा फिरवा. एकच कोमेजलेलं फूल तीन ठिकाणी दिसलं की चोरी लगेच पकडली जाते. Healing Brush माणसांच्या कडेजवळ वापरू नका, तो शेजारचा रंग ओढून आणतो आणि डोक्याभोवती डाग पडतो.

आता हात. या फोटोतलं सगळ्यात चिवट काम हेच. पहिल्यांदा सुचतं ते असं की दुसरा खांदा कॉपी करून उलटा लावावा. पण डाव्या खांद्यावर पदर आहे आणि उजव्यावर नुसतं ब्लाउज, त्यामुळे ते जमणार नाही. पदराचं कापड पदरातूनच घ्या, बोटांच्या खाली छातीवर जो निऱ्यांचा भाग मोकळा दिसतो तिथून. तो Lasso ने उचला, नव्या लेयरवर बोटांवर ठेवा आणि Edit > Transform > Warp ने वाकवा, म्हणजे प्रत्येक निरी खालून वर सलग जाईल. जरीचा काठ बोटांच्या वर आणि खाली थोडा थोडा दिसत असेल, ती दोन टोकं जोडणारी रेषा आधी नक्की करा. बघणाऱ्याची नजर काठावरूनच चालते, काठ तुटला नाही तर निऱ्यांमधली चूक खपून जाते. कापड खांद्यावर वळतं तिथे उजेड कमी होतो, तेवढी सावली मऊ ब्रशने हलकी द्या. बोटांची पदरावर पडलेली सावलीही काढायची आहे, ती हमखास राहून जाते.

तशीच भिंतीवरची सावली. फ्लॅश लावून कॅमेरा उभा धरला असेल तर प्रत्येकाची सावली एका बाजूला पडते. माणूस गेला आणि सावली राहिली की फोटोत भूत दिसतं. तुमचे केस त्याच्या गडद शर्टावर आले असतील तर त्यांची कड मुळात फोटोत नाहीच. ती थोडी आत घ्या आणि एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने चार बटा बाहेर काढा.

एवढं झाल्यावर रांगेत तुमच्या शेजारी पडलेल्या दातासारखी खिंड दिसेल. मला विचाराल तर ती ठेवू नका. त्याच्या पलीकडे टोकाला जे उभे आहेत त्यांना कापून वेगळ्या लेयरवर घ्या आणि अर्धं अंतर आत सरकवा. मागची रांग पुढच्या खुर्च्यांमागे कमरेपर्यंत झाकलेली असते, त्यामुळे पायांचा प्रश्न येत नाही. आकार बदलू नका, आणि त्यांची सावली त्यांच्याबरोबर न्या. त्यांच्या मूळ जागी भिंत लागेल, ती दुसऱ्या फोटोच्या लेयरमधून मिळते. कुणाला सरकवायचं नसेल तर फोटो टोकाकडून कापून आजी मध्ये आणता येते का ते बघा.

जोडकाम ओळखू येतंय का हे तपासायला सगळ्यात वर तात्पुरता Curves लेयर घ्या आणि त्याची रेषा लाटेसारखी वरखाली करा. रंग भयानक होतील, पण भरलेला तुकडा वेगळा असेल तर लगेच उठून दिसेल. तो गुळगुळीत वाटला तर त्यावर Filter > Noise > Add Noise, Gaussian आणि Monochromatic, एक-दोन टक्क्यांपासून सुरू करा आणि 100 टक्के झूमवर शेजारच्या भिंतीशी ताडून बघा. फोटो आडवा उलटा करूनही एकदा पाहा, सवयीने सुटलेल्या चुका तेव्हा दिसतात.

मूळ फाइलला हात लावू नका, काम PSD म्हणून वेगळं ठेवा. तुम्हाला मूल असेल तर मूळ फोटो त्याच्यासाठीही जपून ठेवा, त्याला पुढे तो हवा असू शकतो. 8×10 इंची प्रिंटसाठी 2400×3000 पिक्सेल पुरतात. आधी लॅबमधून एक 4×6 काढून घ्या. स्क्रीनवर गडद वाटणारा भाग कागदावर बऱ्याचदा आणखी काळा होतो. मोठी प्रिंट मॅट कागदावर घ्या, ग्लॉसीवर पदराचं जोडकाम तिरप्या उजेडात जास्त जाणवतं.