दोन्ही पट्ट्या तांब्याच्याच, तरी मीटर आकडा दाखवतो

प्रश्न: बारावीला आहे. दोन्ही इलेक्ट्रोड कॉपरचेच असतील तर E° शून्य येतो ना, मग कॉन्सन्ट्रेशन सेलमध्ये व्होल्टेज येतं कुठून? आणि अॅनोड कुठला हे पाठ न करता कसं ओळखायचं?

उत्तर: बारावीला आहेस म्हणून तू म्हणतो, चालेल ना. मी ठाण्यात नौपाड्याला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो आणि या चॅप्टरला हा प्रश्न येतोच, आणि यायलाच पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी नर्न्स्टचा फॉर्म्युला फळ्यावर लिहून मोकळे होतात.

E° शून्य हे बरोबरच आहे. पण E° म्हणजे दोन्ही बीकरमध्ये Cu²⁺ चं कॉन्सन्ट्रेशन १ मोलर असताना येणारं व्होल्टेज. तुझ्या सेलमध्ये दोन्हीकडे १ मोलर नाहीयेच, त्यामुळे तो शून्य तुझ्या सेलबद्दल फार काही सांगत नाही.

आता एकच बीकर घे, त्यात कॉपर सल्फेट आणि एक तांब्याची पट्टी, वायर जोडलेली नाही. पट्टीतले काही अणू Cu²⁺ होऊन पाण्यात उतरतात आणि प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन पट्टीवर सोडून जातात. त्याच वेळी सोल्युशनमधले काही Cu²⁺ पट्टीवरून दोन इलेक्ट्रॉन घेऊन तांबं होऊन बसतात. हे जाणं-येणं बरोबरीत आलं की पट्टीचं पोटेन्शियल ठरतं. सोल्युशन पातळ असेल तर परत येणारे आयन कमी, म्हणून बरोबरी होईपर्यंत पट्टीवर इलेक्ट्रॉन जरा जास्त साचतात. घट्ट सोल्युशनमध्ये परत येणारे भरपूर, तिथली पट्टी त्यामानाने कमी निगेटिव्ह राहते. म्हणजे धातू तोच असला तरी दोन पट्ट्यांची पोटेन्शियल वेगळी झाली, आणि वायर जोडलीस की इलेक्ट्रॉन पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे निघतात. संपलं, एवढंच आहे ते.

आकडे घालून बघू. एका बीकरमध्ये १ मोलर, दुसऱ्यात ०.०१ मोलर, मध्ये सॉल्ट ब्रिज, टेंपरेचर २५ डिग्री.

E = (0.0592 / 2) × log(1 / 0.01) = 0.0296 × 2 = 0.0592 V

म्हणजे साधारण ५९ मिलिव्होल्ट. लॉगमध्ये वर कॅथोडचं कॉन्सन्ट्रेशन आणि खाली अॅनोडचं, हे उलटं केलंस तर उत्तर मायनस येईल, आणि मायनस आलं म्हणजे तू लिहिलेली दिशा उलटी आहे एवढाच त्याचा अर्थ, घाबरायचं काही नाही.

ही एनर्जी येते कुठून, तर कुठलाही धातू दुसऱ्या धातूत बदलत नाहीये, एका बाजूला तांबं विरघळतं आणि दुसरीकडे तेवढंच बसतं, एकूण हिशोब फक्त घट्ट Cu²⁺ पातळ होण्याचा. आदर्श सोल्युशन धरलं तर यात हीटचा फरक शून्य आणि सगळी कमाई एंट्रॉपीची, म्हणजे सेल आजूबाजूची हीट घेऊन ती इलेक्ट्रिकल कामात बदलतो. मला स्वतःला हा भाग सगळ्यात भारी वाटतो आणि परीक्षेत कोणी विचारत नाही.

दिशेसाठी स्वतःला एकच प्रश्न विचार, दोन्ही बाजू समान व्हायला काय घडायला पाहिजे? घट्ट बाजूला Cu²⁺ कमी व्हायला पाहिजेत. ते कमी होणार तांबं होऊन, म्हणजे रिडक्शन, म्हणजे घट्ट बाजू कॅथोड. पातळ बाजूला Cu²⁺ वाढायला पाहिजेत, पट्टी विरघळणार, ऑक्सिडेशन, म्हणून ती अॅनोड. खूप वेळ चालवलंस तर पातळ बाजूची पट्टी हलकी होते आणि घट्ट बाजूची जड. दोन्ही बीकर एक-एक लिटरचे असतील तर शेवटी दोन्हीकडे ०.५०५ मोलर होऊन सेल मरतो. पण व्होल्टेज त्याच्या कितीतरी आधी पडतं, फक्त ०.१ मोल कॉपर इकडून तिकडे गेलं की ०.९ आणि ०.११ उरतं, तेवढ्यात ५९ वरून साधारण २७ मिलिव्होल्टवर!

"पातळ बाजू म्हणजे अॅनोड" हे पाठ का करायचं नाही ते आता बघ. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे दोन इलेक्ट्रोड घे, एक घट्ट क्लोराइडमध्ये आणि एक पातळ क्लोराइडमध्ये. घट्ट बाजूला Cl⁻ कमी व्हायला पाहिजेत, ते कमी कसे होणार, तर Ag + Cl⁻ → AgCl + e⁻, म्हणजे ऑक्सिडेशन. इथे घट्ट बाजूच अॅनोड झाली! पाठांतरवाले इथेच आपटतात. हायड्रोजनचे दोन इलेक्ट्रोड एकाच अॅसिडमध्ये वेगवेगळ्या प्रेशरला असले तरी तेच, जास्त प्रेशरकडचा H₂ कमी व्हायला पाहिजे, तो H⁺ होऊन जातो, म्हणून जास्त प्रेशरची बाजू अॅनोड. प्रश्न एकच ठेव, उत्तर आपोआप बदलतं.

जाता जाता, ऐरोली-वाशीला खाडीजवळ राहत असशील तर बाल्कनीच्या ग्रिलवर जिथे ओली माती चिकटून बसते तिथे बघ, लोखंड मातीखाली खाल्लं जातं. लोखंड सगळीकडे तेच, पण मातीखाली ऑक्सिजन कमी पोचतो. जिथे ऑक्सिजन जास्त तिथे त्याचं रिडक्शन होतं आणि कमी ऑक्सिजनची जागा अॅनोड होऊन झिजते.

प्रॅक्टिकल करणार असशील तर दोन गोष्टी. आधी दोन्ही पट्ट्या सँडपेपरने घासून एकाच बीकरमध्ये बुडव आणि मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर लाव, आकडा शून्याच्या आसपास यायला पाहिजे. पाच-दहा मिलिव्होल्ट दिसले तर पट्ट्याच सारख्या नाहीयेत, एकीवर ऑक्साइड राहिलाय, परत घास. मग वेगळ्या बीकरमध्ये ठेवून लाल प्रोब घट्ट बाजूला लाव, रीडिंग प्लस यायला पाहिजे.

आणि रीडिंग ५९ येणार नाही, साधारण ३० येईल, तेव्हा सेल बिघडलाय असं समजून सगळं ओतून देऊ नकोस. Cu²⁺ आणि सल्फेट दोघांवर डबल चार्ज आहे, घट्ट सोल्युशनमध्ये ते एकमेकांना इतके धरून ठेवतात की १ मोलरचं सोल्युशन जेमतेम ०.०४ मोलरसारखं वागतं. ०.०१ वालं साधारण ०.००४ सारखं. शंभरपट फरक प्रत्यक्षात दहापटच उरला, आणि दहापटीला 0.0296 × 1, म्हणजे तीसच मिलिव्होल्ट. पुस्तकातल्या आकड्याच्या जवळ जायचं असेल तर ०.१ आणि ०.०१ मोलर सिल्व्हर नायट्रेट आणि चांदीच्या तारा घे, चांदीत एकाच इलेक्ट्रॉनची देवघेव, खाली २ ऐवजी १ येतो, त्यामुळे थिअरीने ५९ येतात आणि खरे साधारण ५४ मिळतात, फक्त सॉल्ट ब्रिजमध्ये पोटॅशियम नायट्रेट भर, क्लोराइड भरलंस तर ब्रिजच्या तोंडाशी पांढरा सिल्व्हर क्लोराइड जमून बसेल.