संबोधन पाठ असतं, तरी ऐनवेळी का निसटतं?

“मॅडम, मी नववीत आहे. शाळेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. मधलं निवेदन सगळं पाठ आहे, पण अगदी सुरुवातीला अध्यक्ष, पाहुणे, बाई, पालक अशी नावं घ्यायची असतात तिथेच मी गडबडते. कुणाचं आधी आणि कुणाचं नंतर हे चुकलं तर सगळ्यांसमोर अपमान होईल असं वाटतं. रात्री झोप लागत नाही. काय करू?”

तुझं पत्र वाचलं आणि मला एक मुलगा आठवला. सातवीत होता. आदल्या वर्षीच्या कार्यक्रमात संबोधन करताना मुख्याध्यापिकांचं नाव त्याच्याकडून राहिलं होतं. ते लक्षात आलं तेव्हा तो पालकांपर्यंत पोचला होता. तो थांबला, “सॉरी, सॉरी” म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मुलं हसली. यंदा माईक पुन्हा त्याच्याकडे आला, तेव्हापासून सकाळी त्याच्या पोटात दुखायला लागलं. आई त्याला घेऊन माझ्याकडे आली.

मी त्याला धीर वगैरे दिला नाही. म्हटलं, “म्हणून दाखव बरं.” त्यानं डोळे मिटले आणि सुरू झाला. आदरणीय अध्यक्ष, आदरणीय प्रमुख पाहुणे, आदरणीय संस्थेचे पदाधिकारी... आणि तिसऱ्यावरून थेट सहाव्यावर, आदरणीय पालक. पुन्हा म्हणायला सांगितलं, पुन्हा तिथेच उडी. मग कागद मागितला. आठ ओळी होत्या आणि आठही “आदरणीय”नं सुरू होत होत्या.

दोष त्या कागदात होता. पाठ केलेल्या गोष्टीत एक ओळ संपली की तिच्या शेवटाला धरून पुढची ओळ आठवते. प्रत्येक ओळीचं तोंड सारखंच असेल तर “आदरणीय” म्हटल्यावर पुढे कोणतीही ओळ येऊ शकते. शांतपणे म्हणताना मन सावरून घेतं. छाती धडधडत असली की घसरतं. हे त्याला दाखवलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. “म्हणजे मी विसरभोळा नाही?” हा त्याचा प्रश्न होता.

मग आम्ही माझ्या खोलीतल्या खुर्च्या मांडल्या. तीन समोर, म्हणजे व्यासपीठ. बाजूला एक, ती शिक्षकांची. मागे दोन पालकांच्या, आणि जमिनीवर एक चटई, ती मुलांची. त्याला म्हटलं, ओठांनी नको, डोळ्यांनी क्रम लाव. आधी व्यासपीठ: मधली खुर्ची अध्यक्षांची, तिच्या शेजारी प्रमुख पाहुणे, मग मुख्याध्यापिका. व्यासपीठ संपलं की नजर खाली आण: शिक्षक, पालक, शेवटी तुझे सवंगडी. सन्मानाची उतरंड आणि बसण्याची मांडणी बहुतेक वेळा एकच असते, म्हणून समोर पाहिलं की क्रम आपोआप लागतो. ज्या खुर्चीकडे बघशील तिचंच नाव घे, आणि नाव संपेपर्यंत नजर तिथेच ठेव. दुसऱ्या फेरीतच त्याची उडी थांबली.

मग ओळी कमी केल्या. पदाधिकारी, सल्लागार, माजी विद्यार्थी यांना वेगवेगळं न सांगता “व्यासपीठावरील सर्व मान्यवर” या तीन शब्दांत घेतलं. तुलाही हे सांगते, कारण ती मोठी सोय आहे. कुणाचं नाव राहिलंच तर ती व्यक्ती या शब्दांत आलेली असते, आणि परत मागे जाऊन माफी मागायची वेळ येत नाही. मागे जाण्यानंच चूक सगळ्यांना दिसते. त्याचा तयार झालेला मजकूर साधारण असा होता:

“आजच्या कार्यक्रमाचे नियोजित अध्यक्ष माननीय अमुक सर, प्रमुख पाहुण्या माननीय अमुक मॅडम, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका अमुक बाई, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, गुरुजनवर्ग, पालकवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.”

“नियोजित” हा शब्द मी मुद्दाम घातला. अनेक कार्यक्रमांत अध्यक्षपदाची सूचना आणि अनुमोदन संबोधनानंतर होतं. तोवर ते अध्यक्ष झालेले नसतात, मग सूत्रसंचालकानं आधीच “अध्यक्ष” म्हणायचं कसं? तुमच्याकडे सूचना-अनुमोदनाची पद्धत नसेल तर हा शब्द सरळ काढून टाक. “पाहुण्या”ही नीट बघ: प्रमुख पाहुणे बाई असतील तर “प्रमुख पाहुण्या”. सवयीनं “पाहुणे” निघून जातं आणि पहिल्याच वाक्यात कानाला खटकतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या वयाची मुलं हमखास करतात. “शिक्षकांनो, पालकांनो” म्हणतात. व्याकरणात ते चुकीचं नाही, पण “-नो” लावून आपण बरोबरीच्यांना किंवा धाकट्यांना हाक मारतो. मोठ्यांसाठी “गुरुजनवर्ग”, “पालकवर्ग” असा नुसता उल्लेख पुरे. “-नो” मित्रमैत्रिणींसाठी राखून ठेव. तिथे आवाज आपोआप मोकळा होतो, आणि यादीच्या शेवटी तुला नेमकं तेच हवं असतं.

आता पहिला कोण, या तुझ्या प्रश्नाकडे येते. सर्वसाधारण रीत अध्यक्ष आधी आणि प्रमुख पाहुणे नंतर अशी आहे. काही शाळा पाहुण्यांना पहिला मान देतात. हे ठरवणं तुझं काम नाही. कार्यक्रम बघणाऱ्या शिक्षकांना आदल्या दिवशी विचार, “सर, संबोधनात पहिलं नाव कुणाचं घेऊ?” त्यांनी सांगितलेला क्रम लिहून घे, नावांचे उच्चार आणि आडनावंही त्यांच्याकडूनच तपासून घे. मग एका छोट्या कार्डावर फक्त नावं लिही, एका ओळीत एक, मोठ्या अक्षरात. पूर्ण वाक्यं लिहिलीस तर नजर त्यात हरवेल. कार्ड हातात असण्यात कमीपणा नाही, अनुभवी निवेदकही कार्ड हातात ठेवतात.

घरी सराव करताना खुर्च्या मांड, नसतील तर उशा ठेव. प्रत्येक नावानंतर एक श्वास घ्यायचा. अशा गतीनं सगळं संबोधन अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतं. त्याहून फार लवकर संपलं तर तू धावते आहेस असं समज. दिवसातून तीनदा पुरे. दहादा घोकलंस तर ते पुन्हा ओठांवर जाईल आणि डोळ्यांतून सुटेल. आणि या सगळ्यानंतरही झोप उडालेलीच राहिली, जेवण जाईना, शाळेतच जाऊ नये असं वाटायला लागलं, तर कार्यक्रमाची वाट न बघता आईबाबांना घेऊन समुपदेशकाकडे जा. त्या काळजीचं मूळ क्रमात नसेल, ते वेगळं बोलावं लागेल.

त्या मुलाच्या कार्यक्रमाला नियोजित अध्यक्षांना यायला उशीर झाला. तो माईकपाशी उभा राहिला, मधल्या खुर्चीकडे पाहिलं, ती रिकामी होती. पाठ केलेलं म्हणत असता तर त्यानं नसलेल्या माणसाला नमस्कार केला असता. त्यानं नजर शेजारच्या खुर्चीवर नेली आणि प्रमुख पाहुण्यांपासून सुरुवात केली. वीसेक मिनिटांनी अध्यक्ष आले तेव्हा एक गाणं संपत होतं. टाळ्या ओसरल्यावर तो म्हणाला, “आपले नियोजित अध्यक्ष आपल्यात आले आहेत. सर, आपल्याला नमस्कार.” हे वाक्य त्याच्या कार्डावर नव्हतं.