आईला सांभाळणाऱ्या बाईसाठी कागदावर काय लिहून ठेवावं?

प्रश्न : «आम्ही दोघं नोकरीला. आईला (78, डायबिटीस) बघायला नवी बाई येणार आहे. औषधं, जेवण, धोका कधी समजायचा, हे तिला कसं लिहून देऊ?»

आम्ही फोंड्याला राहतो आणि माझा पहिला कागद चुकलेला होता, म्हणून लिहिते. त्यावर होतं: «8 वाजता शुगरची गोळी.» संकष्टीला आईने नुसता कोरा चहा घेतला. बाईंनी कागदाप्रमाणे बरोब्बर आठला ग्लायमेपिराइड दिली. अकराच्या सुमारास आईला दरदरून घाम सुटला, ती काहीबाही बोलायला लागली. बाईंना वाटलं उकाडा असेल, म्हणून पंखा लावून निजवलं. मोजली तेव्हा शुगर 52 होती.

बाईंची चूक नव्हती. ही गोळी पोटात अन्न असो-नसो साखर उतरवतच राहते. म्हणून आता गोळी घड्याळाला नाही, ताटाला बांधली आहे. आमच्या कागदावरचं जसंच्या तसं:

«आधी नाश्ता समोर ठेवा. खायला लागल्या की ही गोळी द्या. खाल्लं नाही, उलटी झाली किंवा उपास असला तर ही गोळी देऊ नका, मला फोन करा. दहाची पेज चुकवू नका. गोळी दिली की लगेच खूण करा. दिली की नाही आठवत नसेल तर पुन्हा देऊ नका.»

«ही गोळी» म्हणजे कुठली? संपलेल्या स्ट्रिपचा नाव असलेला तुकडा कापून शेजारी चिकटवा. «पांढरी गोळी» लिहू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. गोळी कधी थांबवायची हे मात्र तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, इन्सुलिन असेल तर नियम वेगळा असतो.

धोक्याचं मोठ्या अक्षरात:

«घाम, थरथर, भलतंच बोलणं, अवेळी झोप: निजवू नका, शुगर मोजा. 70 च्या खाली आली, किंवा मोजता येत नसेल, तर अर्धा ग्लास पाण्यात 3 चहाचे चमचे साखर घालून पाजा. शुगर-फ्री चालत नाही. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून 70 च्या खाली असेल तर परत पाजा. चढली की पेज किंवा पाव द्या आणि मला फोन करा. गिळता येत नसेल किंवा हाक मारून उठत नसतील तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, 108 लावा.»

या गोळीने उतरलेली साखर चढून काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून आई ठीक दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

108 च्या खाली पत्ता लिहा, पण पोस्टाचा नको. आमच्या बाई बेळगावच्या, त्यांना वाड्याचं नावही ठाऊक नव्हतं. «गाव, वाडा, देवळामागचं निळ्या गेटचं घर», असं फोनवर वाचून दाखवता येईल तसं लिहा. मग तो कागद बाईंकडून मोठ्याने वाचून घ्या. आमच्या बाई आधी लिहिलेल्या «असंबद्ध» शब्दाला अडखळल्या, तिथे आता «भलतंच बोलणं» असं लिहिलं आहे.