ऑप्शनला चॅप्टर टाकण्याआधी 98 मार्कांचा हिशेब

प्रश्न: बारावी सायन्सला आहे, फिजिक्सची भीती वाटते. जुन्या प्रश्नपत्रिकांवरून पेपर काढणाऱ्याचा कल ओळखता येतो का? मित्र म्हणतात चार चॅप्टर सरळ सोडून दे, ते येणारच नाहीत.

राजारामपुरीत मी बारावीचं फिजिक्स शिकवतो. दर जानेवारीत झेरॉक्सच्या दुकानांतून 'आयएमपी' नावाचा कागद फिरायला लागतो आणि पोरं पुस्तक मिटून तोच पाठ करत बसतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

आधी कोणत्या पत्रिका घ्यायच्या ते सांगतो, कारण निम्मी चूक इथेच होते. आताचा अभ्यासक्रम 2020-21 पासूनचा आहे, म्हणून 2020 आणि त्याआधीच्या पत्रिका कलासाठी बाजूला ठेवा. 2021 ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. 2022 ची झाली, पण अभ्यासक्रमातला पंचवीस टक्के भाग वगळून. ती पत्रिका मोजायला घेतली की वगळलेले मुद्दे 'कधी विचारतच नाहीत' असे दिसतात, आणि पोरं नेमके तेच सोडतात. उरतात 2023 पासूनच्या. पुरवणी परीक्षेच्याही घ्या, म्हणजे 2025 पर्यंत सहा होतात. (आपण कोल्हापूर विभागात असलो तरी पेपर सगळ्या राज्याला एकच असतो.)

आता मोठ्या कागदावर सोळा चॅप्टरच्या सोळा ओळी आखा आणि प्रत्येक पत्रिकेला एक रकाना द्या. रकान्यात नुसता मुद्दा लिहू नका, प्रश्नाचा प्रकार आणि मार्क लिहा: चारचं डेरिव्हेशन, तीनचं न्यूमेरिकल, दोनचा फरक. आडव्या ओळी वाचल्यात की दिसेल, चॅप्टरचे एकूण मार्क वर्षानुवर्षं फारसे हलत नाहीत. बोर्डानं चॅप्टरनिहाय भारांश ठरवून दिलेला असतो, पेपर काढणाऱ्याला तो पाळावा लागतो. त्याच्या हातात असतं ते चॅप्टरमधलं कुठलं डेरिव्हेशन घ्यायचं आणि त्याला कुठलं न्यूमेरिकल जोडायचं. म्हणून 'हा चॅप्टर येणार नाही' हा अंदाज जवळपास नेहमी फसतो. 'दोन वर्षं आलं नाही म्हणजे यंदा नक्की' हाही फसतो. सहा पत्रिकांवरून असा नियम बांधता येत नाही.

पटत नसेल तर शेवटची पत्रिका न बघता बाजूला ठेवा. आधीच्या पाचांवरून चार मार्कांच्या पाच प्रश्नांचा अंदाज लिहून काढा, मग ती उघडा. माझ्या क्लासमध्ये हे करतो तेव्हा दोन जुळले तरी पोरं टाळ्या वाजवतात. चार मार्कांच्या सेक्शन डीमध्ये मात्र पाचपैकी तीन लिहायचे असतात.

माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी चार चॅप्टर ऑप्शनला टाकले. त्याचं म्हणणं, पेपर 70 चा, छापलेले मार्क 98, म्हणजे 28 मार्कांची मोकळीक आहेच की. हिशेब बरोबर, पण अर्धाच. 98 ला सोळानं भागलं तर एका चॅप्टरचे साधारण सहा मार्क, चारांचे चोवीस. पहिल्या दोन प्रश्नांत, एमसीक्यू आणि एका मार्काच्या प्रश्नांत, ऑप्शन नसतो. त्या दोन प्रश्नांच्या अठरा मार्कांतले चार-पाच तिथंच गेले. उरलेले एकोणीस-वीस मोकळीकीतून वजा करा, शिल्लक आठ. म्हणजे शिकलेल्या बारा चॅप्टरमधलं एखाद-दुसरं न्यूमेरिकल अडलं की संपलं.

त्यातही ही मोकळीक एका ढिगात नसते. दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीनचेही बारापैकी आठ, चारचे पाचपैकी तीन. भाच्याच्या प्रिलिमला चार मार्कांच्या पाचांपैकी दोन सोडलेल्या चॅप्टरमधले आले, एक एसी सर्किटचा, एक कायनेटिक थिअरीचा. उरलेले तीन आता सक्तीचेच. त्यातल्या एकाचं डेरिव्हेशन त्याला येत होतं, खालचं न्यूमेरिकल अडलं. ते मार्क दुसरीकडून भरून काढायला जागाच नव्हती.

मग तक्त्याचा उपयोग काय? चॅप्टर कशा प्रकारे विचारतात ते कळतं. एखाद्या ओळीत पाच रकान्यांत न्यूमेरिकलच दिसलं तर त्या चॅप्टरची सूत्रं आणि स्वाध्यायातली उदाहरणं आधी हातावेगळी करा, लांब डेरिव्हेशन नंतर. जिथं व्याख्या आणि फरकच येतात, तिथं दोन तासांत बरेच मार्क पदरात पडतात. मॅग्नेटिक मटेरिअल्स असं तपासून बघा, पोरं तोच पहिला टाकतात. सोडायचंच असेल तर आख्खा चॅप्टर नको, त्यातलं एक लांबलचक डेरिव्हेशन सोडा. व्याख्या, एककं आणि सूत्रं सोळाही चॅप्टरची करा.

भाच्यानं प्रिलिमनंतर चारातले तीन परत घेतले, पण फक्त एक-दोन मार्कांपुरते. रोज संध्याकाळी तासभर, अकरा दिवस लागले.