ठेव मोडण्याआधी बिलाची बेरीज तपासा

प्रश्न: आईचं ऑपरेशन झालं, आता ती घरी आहे. हॉस्पिटलचं बिल ३,३१,२२० आलं, त्यातले १,५०,००० आम्ही आधीच भरलेत. विमा नाही. उरलेले १,८१,२२० भरायला दहा दिवसांची मुदत मिळाली आहे. बचत खात्यात १,२०,००० आहेत. २,००,००० ची मुदत ठेव आहे, ती सात महिन्यांनी पूर्ण होते. ठेव मोडून मोकळं व्हावं का? बिल आणि औषधांच्या सगळ्या पावत्या सोबत पाठवतोय.

उत्तर:

ठेव मोडू नका, आणि आज कुणाला काही भरूही नका. बिलाच्या शेवटच्या पानावरचा आकडा त्याच बिलातल्या ओळींशी जुळत नाही. तो दुरुस्त झाल्याशिवाय नक्की किती कमी पडतायत हेच ठरत नाही.

एवढं लांबलचक बिल वाचायला घेतलं की पहिल्या दोन पानांतच डोळे थकतात, कारण ते तारखेप्रमाणे छापलेलं असतं. एकाच दिवशी सलाइन, रक्ततपासणी, खाटेचं भाडं आणि डॉक्टरांची भेट अशी सगळी सरमिसळ. म्हणून प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने गटाचं नाव लिहायचं आणि मग गटागटाने बेरीज करायची. पथ्यं दोनच. एक ओळ एकाच गटात जाईल, आणि ‘उपएकूण’ किंवा ‘मागील पानावरून’ असं लिहिलेली ओळ कुठल्याच गटात जाणार नाही.

तुमच्या बिलाचे गट असे पडले. खोली, आयसीयू आणि नर्सिंग मिळून ५५,९००. सर्जन, भूलतज्ज्ञ, सहायक आणि ऑपरेशन थिएटर मिळून १,१२,०००. डॉक्टरांच्या भेटी १६,८००. रक्ताच्या तपासण्या आणि स्कॅन ४१,६५०. औषधं ४८,७३०. हातमोजे, सिरिंज, टाक्यांचे धागे असं वापरून फेकायचं साहित्य ३१,२६०. नोंदणी, जेवण वगैरे किरकोळ ६,३००. ही बेरीज होते ३,१२,६४०. छापलेला आकडा ३,३१,२२०. फरक १८,५८०.

असा फरक निघाला की तोच आकडा आधी बिलात शोधायचा. सापडला नाही तर त्याची निम्मी रक्कम शोधायची, कारण वजा करायची रक्कम चुकून मिळवली गेली की फरक दुप्पट पडतो. तीही नसेल तर फरकाला नऊने भागून पाहावं. निःशेष भाग गेला तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता मोठी. तुमच्या बाबतीत पहिल्याच फेरीत काम झालं. चौथ्या पानाच्या तळाशी थिएटरमधल्या साहित्याचं उपएकूण १८,५८० छापलंय, आणि सहाव्या पानावर ‘थिएटर साहित्य’ म्हणून तीच रक्कम पुन्हा एका ओळीत आली आहे. तिच्यापुढे ना तारीख, ना नग, ना दर. त्या साहित्याच्या सुट्या ओळी मी आधीच साहित्याच्या गटात मोजल्या होत्या, म्हणून ही ओळ बाहेर ठेवली. हॉस्पिटलच्या एकूण रकमेत मात्र ती दोनदा धरली गेली आहे. हा निव्वळ बेरजेचा प्रश्न आहे, यात कुणाचं मत विचारायची गरज नाही.

पण बेरीज जुळली म्हणजे बिल बरोबर, असं नाही. नुसत्या बेरजेत न दिसणाऱ्या दोन गोष्टी इथे आहेत.

आई ३ तारखेला दाखल झाल्या आणि १० तारखेला घरी आल्या, म्हणजे सात रात्री. बिलात आयसीयूचे तीन दिवस लावलेत, ३, ४ आणि ५ तारीख. खोलीचे पाच, ५ ते ९. एकूण आठ. ५ तारखेला त्यांना आयसीयूतून खोलीत हलवलं, आणि त्या दिवसाचं भाडं दोन्हीकडे लागलं. नर्सिंगचेही आठच दिवस धरलेत. आयसीयूचा दर ९,००० आणि नर्सिंगचा ८००, म्हणजे ९,८०० चा प्रश्न. इथे मी ‘चूक’ म्हणत नाही, कारण दिवस कसा मोजायचा याचा नियम हॉस्पिटल स्वतः ठरवतं. काही ठिकाणी ठरावीक वेळेनंतर हलवलं तर त्या दिवसाचा चढा दर लावतात. तसं असेल तर आयसीयूचा दिवस राहील, पण मग खोलीचे ४,५०० जातील. त्यांचा लेखी नियम मागा. एका खाटेवरून उठून दुसरीवर गेलेल्या पेशंटला एकाच दिवसाचं दोन खाटांचं पूर्ण भाडं का, एवढंच विचारायचं.

दुसरी गोष्ट औषधांची. तुमच्याकडच्या औषधांच्या पावत्यांची बेरीज बरोबर ४८,७३० येते, एका पैशाचाही फरक नाही. खटकलं ते इथेच. कारण त्याच गठ्ठ्यात न वापरलेली इंजेक्शनं आणि सलाइन परत केल्याच्या तीन पावत्या आहेत, मिळून ७,४८० च्या. परतावा वळता केला असता तर बिलातला आकडा पावत्यांपेक्षा तेवढ्याने कमी दिसायला हवा होता. या तीन कागदांच्या प्रती काढून ठेवा. मूळ पावत्या काउंटरवर देऊन येऊ नका.

बाकी गटांत मला आक्षेपार्ह काही दिसलं नाही. भेटी चौदा, दर १,२००, गुणाकार बरोबर. आगाऊ भरलेल्या दोन्ही पावत्याही वळत्या झाल्यात. सर्जनची फी जास्त वाटते असं तुम्ही पत्रात लिहिलंय. ते मला समजतं, पण ती आधी सांगितलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणेच आहे. तो वाद यात मिसळलात तर बेरजेची चूकही ‘नातेवाइकांची तक्रार’ म्हणून बाजूला पडेल.

आता बिलिंग विभागाला एका पानाचं पत्र द्या. प्रत्येक मुद्द्याला पान क्रमांक, ओळ, रक्कम आणि एक वाक्य पुरे. पोच घ्या. जुन्या बिलावर पेनाने खाडाखोड करून चालवून घेऊ नका, नव्याने छापलेलं दुरुस्त बिल मागा. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अशा वेळी ‘जाऊ द्या, आम्ही १५,००० ची सवलत देतो’ असा प्रस्ताव येऊ शकतो. ऐकायला बरं वाटतं, पण तुमचेच २६,०६० बेरजेत आणि परताव्यात अडकलेत. आधी दुरुस्ती, मग सवलत द्यायची असेल तर ती दुरुस्त रकमेवर.

तिन्ही मुद्दे मान्य झाले तर बिल २,९५,३६० होईल आणि भरायचे राहतील १,४५,३६०. दिवसांचा मुद्दा अजिबात मान्य झाला नाही तरी १,५५,१६०. म्हणजे बचत खातं धरून तुम्हाला २५,३६० ते ३५,१६० कमी पडतात. एवढ्यासाठी दोन लाखांची ठेव सात महिने आधी मोडून व्याजावर पाणी का सोडायचं? ठेवीवर कर्ज घ्या. त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा थोडाच जास्त असतो, आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. मी ६०,००० उचलायला सांगेन. हॉस्पिटलचे भागून निदान २४,८४० खात्यात राहतील, कारण टाके काढणं, पुढच्या तपासण्या आणि औषधं हा खर्च अजून व्हायचाय आणि तो या बिलात नाही. दर महिन्याला जमेल तसं फेडा. जे उरेल ते ठेव पूर्ण झाल्यावर त्यातून वळतं होईल.

दहा दिवसांत दुरुस्त बिल हातात आलं नाही, तर वादात नसलेले १,४५,३६० मुदतीच्या आत भरा आणि पावतीवर ‘वादातली रक्कम वगळून’ असं लिहून घ्या.