पाच मिनिटांचं पिच आणि त्यानंतरचे प्रश्न

प्रश्न: पुढच्या आठवड्यात पॅनेलसमोर पाच मिनिटांत माझी कल्पना मांडायची आहे. बोलण्याची तयारी होईल, पण नंतर प्रश्न सुरू झाले की माझी त-त-प-प होते. शांत कसं राहायचं?

उत्तर:

माझ्या पहिल्या पिचमधला एकच प्रश्न सांगतो, कारण तुमची अडचण नेमकी तिथलीच आहे.

आमची कल्पना सलाईनच्या बाटलीची होती. बाटली संपलेली वेळेवर लक्षात आली नाही तर नळीत रक्त उलटं चढतं, सुईत गोठतं आणि रुग्णाला पुन्हा टोचावं लागतं. म्हणून बाटली टांगायच्या हुकाला आम्ही वजन मोजणारा लहानसा सेन्सर लावला होता. ५० मिली उरलं की सिस्टरच्या टेबलावर घंटी वाजायची. मांडणी ठीक झाली. मग पॅनेलमधल्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "५० मिलीच का?"

मी सांगत सुटलो. आम्ही किती सिस्टरांशी बोललो, सेन्सर किती अचूक आहे, आकडा हवा तसा बदलता येतो, सगळं सांगितलं. दीड मिनिट गेलं आणि त्यात 'का'चं उत्तर कुठेच नव्हतं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा मला वाटलं, आपल्याला कोंडीत पकडताहेत. माझा आवाज चढला. प्रश्न मात्र अगदी सरळ होता.

मी असं म्हणायला हवं होतं: "५०० मिलीची बाटली चार तासांत द्यायची असेल तर ताशी १२५ मिली जातं. त्या वेगाने ५० मिली संपायला २४ मिनिटं लागतात. तेवढ्यात सिस्टर हातातलं काम आटोपून येऊ शकतात." एवढं बोलून गप्प बसायचं. पंधरा-वीस सेकंदांचं काम आहे.

त्यावर पुढचा प्रश्न येणारच: "आणि बाटली तासाभरात चढवायची असेल तर?" मग सहाच मिनिटं उरतात, आणि भरलेल्या वॉर्डात ती पुरत नाहीत. इथे आमच्या कल्पनेची खरी उणीव उघडी पडते. ती झाकू नका. "बरोबर आहे, वेगात दिलं तर हा इशारा उशिरा येतो. वजन आम्ही सतत मोजतोच, त्यामुळे मिनिटाला किती जातंय तेही काढता येतं. म्हणजे घंटी मिलीवर न लावता उरलेल्या वेळेवर लावता येईल. हे अजून केलेलं नाही, पुढचं काम तेच आहे." असं उत्तर ऐकलं की माणसाने विचार केलाय हे पॅनेलला कळतं. उणीव मान्य केल्याने गुण गेलेले मी फारसे पाहिले नाहीत. तिच्याभोवती घोटाळत राहिल्याने गेलेले मात्र बरेच पाहिलेत. पुढे मी स्वतः काही वेळा पॅनेलवर बसलो तेव्हाही हेच दिसलं.

म्हणून तयारीची सुरुवात प्रश्नांपासून करा. तुमच्या मांडणीतला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक दावा कागदावर उतरवा, आणि समोर दोनच प्रश्न लिहा: 'का?' आणि 'तसं नसेल तर?' त्यांची उत्तरं मोठ्याने बोलून पाहा. मनातल्या मनात ती नेहमी सुटसुटीतच वाटतात. तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्याला समोर बसवा आणि त्याला मध्येच टोकायला सांगा. ज्या प्रश्नाला तुमचं उत्तर अर्ध्या मिनिटाच्या पुढे जातं, तिथे बहुतेक वेळा तुम्हालाच मुद्दा नीट ठाऊक नसतो. ते काम आधी करा.

आता पाच मिनिटांबद्दल. सावकाश, कळेल असं बोललं तर माझे मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांत साडेपाचशे. मी साडेचारशेच्या पुढे लिहीत नाही, कारण स्लाइड अडते, कुणीतरी आत येतं, आपणही श्वास घेतो. स्टॉपवॉच लावून उभं राहून बोला आणि साडेचार मिनिटांत संपवा. पहिलं मिनिट अडचणीचं, तेही एकाच रुग्णाच्या एका प्रसंगातून. पुढची दोन मिनिटं तुमची गोष्ट चालते कशी. मग तुम्ही काय करून पाहिलं आणि काय आढळलं. शेवटी पॅनेलकडून नेमकं काय हवंय, ते एका वाक्यात. बाकीचे तपशील शेवटच्या स्लाइडनंतर जादा स्लाइड करून ठेवा. वेगाचा तो हिशोब आता माझ्याकडे असाच ठेवलेला असतो. विचारलं की लगेच उघडतो.

सगळं शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेल्यातलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं निसटतं, आणि त्या धक्क्यातच तुम्ही प्रश्नांना सामोरे जाता. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक तोंडपाठ असू दे, मधलं मुद्द्यांवर बोला.

प्रत्यक्ष प्रश्नांच्या वेळी हातात कागद-पेन ठेवा. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. आपल्याला वाटतं प्रश्न कळला, आणि शेवटच्या चार शब्दांत तो वळतो. तीन प्रश्न एकात असतील तर तीन शब्द लिहून घ्या आणि एकेक घ्या. लिहिताना दोन-तीन सेकंद मिळतात. तुम्हाला ती लांबलचक वाटतील, समोरच्यांना जाणवतही नाहीत. मग पहिल्याच वाक्यात उत्तर: हो, नाही, किंवा आकडा. कारण त्यानंतर. "फार छान प्रश्न विचारलात" नको. चौथ्या प्रश्नाला ते खोटं वाटायला लागतं.

"यासाठी इन्फ्यूजन पंप आहेत की!" असंही आम्हाला ऐकावं लागलं. अशा वेळी दुसऱ्या उपकरणाला नावं ठेवायचा मोह होतो, तो आवरा. पंप औषधाचा वेग स्वतः सांभाळतो, आमचं उपकरण फक्त सूचना देतं. जिथे पंप हवाच, तिथे आमच्या उपकरणाचा उपयोग नाही. ज्या खाटांवर पंप लावलेला नसतो, त्यांच्यासाठी ते आहे. इतकं स्पष्ट सांगितलं की वाद उरत नाही.

माहीत नसलेल्या प्रश्नाला नुसतं "माहीत नाही" म्हणून थांबू नका. तुमची माहिती कुठपर्यंत आहे ते सांगा. एकाने विचारलं, सेन्सरवर सतत वजन लटकलं तर आकडा हळूहळू सरकत नाही का? सरकतो, हे खरं आहे. उत्तर होतं: "आमची चाचणी अकरा दिवसांचीच आहे. बाटली बदलताना रिकाम्या हुकावर शून्य नव्याने धरतो, म्हणून तेवढ्या काळात फरक साठला नाही. वर्षभरानंतरचं आज सांगता येणार नाही." ते गृहस्थ मान हलवून पुढे गेले.

तुम्ही एकटे नसाल तर कुठल्या विषयावर कोण बोलणार ते आदल्या दिवशी ठरवा. सहकाऱ्याच्या उत्तरात चूक झाली तर मध्ये तोडू नका, त्याचं झाल्यावर एका वाक्यात दुरुस्त करा. आणि उत्तर चालू असताना वेळ संपल्याची घंटा झाली, तर हातातलं वाक्य पुरं करून थांबा, नवं सुरू करू नका.