‘उशीर झाला’ आणि ‘उशीर केला’: आजारपणानंतर गाईडना लिहायचा मेल

प्रश्न: इतिहासात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. ८ ऑगस्टला सरांचा मेल आला होता, त्यात तीन कामं होती: तिसऱ्या प्रकरणाच्या तळटिपा दुरुस्त करणं, २० तारखेपर्यंत चर्चासत्राचा सारांश पाठवणं आणि सल्लागार समितीपुढच्या सादरीकरणासाठी सोयीची तारीख कळवणं. १० तारखेला ताप आला, डेंग्यू निघाला, चार दिवस ॲडमिट होते. आता बरी आहे, पण आज १७ सप्टेंबर उजाडला तरी उत्तर दिलेलं नाही. सर शिस्तीचे आहेत. माफी कशी मागू आणि पुढचं काय सांगू?

उत्तर:

आधी एक वही घ्या आणि ८ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर या दिवसांचे दोन भाग करा. डेंग्यूचा ताप आठवड्याभरात उतरतो, पण अंगातला अशक्तपणा त्यानंतरही कित्येक दिवस राहतो, हे मान्यच आहे. तरी एक दिवस असा आला असेल, की त्या दिवशी तुम्ही लॅपटॉप उघडून चार ओळी लिहू शकला असता. माझ्या अंदाजाने तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला असावा. त्या दिवसापर्यंत उशीर झाला. त्या दिवसापासून आजपर्यंत उशीर तुम्ही केला.

मराठीत हा फरक एका क्रियापदात मावतो आणि वाचणाऱ्याला तो लगेच जाणवतो. ‘उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व’ असं लिहिलं, की सगळा दोष आजारपणावर जातो. सर तारखा मोजतील. चार दिवस ॲडमिट, पुढे समजा पंधरा दिवस विश्रांती; मग उरलेले दिवस कुठे गेले? हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला तर खऱ्या आजारपणावरही शंकेची सावली पडते. उलट, ‘त्यानंतरचा उशीर मी केला’ हे एक वाक्य प्रामाणिकपणे लिहिलंत, तर आधीच्या तीन आठवड्यांबद्दल कुणी काही विचारणार नाही. माफी मागायची ती दुसऱ्या भागाची. डेंग्यू झाल्याबद्दल माफी कशाला मागायची?

हा दुसरा भाग वाढतो कसा, हे मी स्वतः भोगलं आहे. पीएचडीच्या काळात मला कावीळ झाली होती. बरी झाले तेव्हा ठरवलं, की आता रिकाम्या हाताने बाईंना तोंड दाखवायचं नाही, प्रकरण पूर्ण करूनच मेल करायचा. प्रकरण आठवडाभर लांबलं, मग आणखी आठवडाभर, आणि जितका उशीर तितकं प्रकरण चांगलं हवं असं वाटू लागलं. शेवटी सात आठवड्यांनी दोन पानी मेल लिहिला. बिलिरुबिन किती होतं, किती उतरलं, पथ्य काय चालू आहे, सगळं त्यात होतं. बाईंचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘तब्येत सांभाळा. प्रकरण कधी देताय?’ दोन पानांत तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

आता मी स्वतः गाईड आहे. विद्यार्थ्याचं उशिरा उत्तर आलं, की मी पहिल्यांदा माझा जुना मेल शोधते, कारण मी काय विचारलं होतं ते मलाच आठवत नसतं. म्हणून नवा मेल सुरू करू नका. सरांच्या त्याच मेलला ‘रिप्लाय’ करा आणि विषयाची ओळ बदलू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की धागा तुटतो आणि तुमचं उत्तर त्यांच्या मूळ मेलपासून वेगळं पडतं.

लिहायला बसण्याआधी दोन फोन मात्र करा. पहिला विभागाच्या कार्यालयात. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती मांडावी लागते, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत ते आहे. त्यामुळे बैठक तुमच्याविना होऊन गेली का, तारीख ठरली आहे का, हे तुम्हाला मेलच्या आधी माहीत हवं. ‘बैठक कधी आहे?’ असं सरांनाच विचारलंत आणि ती गेल्याच आठवड्यात झाली असली, तर फार वाईट दिसतं. दुसरा फोन चर्चासत्राच्या संयोजकांना. २० ऑगस्ट उलटून गेला आहे. सारांश अजून घेतात का, एवढंच विचारा. ‘नाही’ म्हणाले तर मेलमध्ये तसं सरळ लिहा. गेलेल्या तारखेवर मौन पाळलं, की सरांना स्वतः चौकशी करावी लागते.

वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रक्ताचे रिपोर्ट सरांच्या मेलला जोडू नका. हजेरी, रजा किंवा चुकलेलं सादरीकरण यासाठी प्रमाणपत्र लागतं ते कार्यालयाला, आणि त्यावर ‘कधीपासून कधीपर्यंत’ या तारखा असायला हव्यात. मेलमधल्या तुमच्या तारखा त्याच्याशी जुळतात ना, तेवढं पाहा.

आता पुढच्या कामाच्या तारखा. आजारातून उठलेला माणूस इथेच हमखास चुकतो. अपराधीपणाच्या भरात ‘चार दिवसांत सगळं देते’ असं लिहून बसतो, आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या माफीची वेळ येते. त्यापेक्षा हिशेब मांडा. समजा, प्रकरणात ६४ तळटिपा आहेत आणि २३ तपासून झाल्या आहेत. उरल्या ४१. त्यांतल्या २९ छापील साधनांवरून घरी बसून तपासता येतील आणि १२ साठी पुणे पुराभिलेखागारात जाऊन पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कागदपत्रांचे गठ्ठे, पुन्हा पाहावे लागतील. सध्या तुम्ही दिवसाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त बसू शकत नसाल, तर घरी रोज पाच टिपा धरा, म्हणजे सहा दिवस. पुराभिलेखागारात मागणी लिहून रुमाल हातात येईपर्यंत वेळ जातो आणि मोडी पुन्हा लावून वाचायची असते, तेव्हा दिवसाला तीनच धरा, म्हणजे चार दिवस. झाले दहा. त्यात सुट्ट्या आणि एखादा थकव्याचा दिवस म्हणून चार मिळवा. १७ सप्टेंबरपासून चौदा दिवस म्हणजे १ ऑक्टोबर. ही तारीख लिहा. २० सप्टेंबर वाचायला छान वाटेल, पण पाळता येणार नाही.

तपासून झालेल्या २३ टिपा मात्र आजच जोडा. अर्धं काम पाठवायला लाज वाटते, मला माहीत आहे. पण सरांनी ते उघडून पाहिलं आणि टिपा देण्याची पद्धतच चुकतेय असं सांगितलं, तर उरलेल्या ४१ टिपांवरचे दुहेरी कष्ट वाचतील.

मेल साधारण असा होईल. रुग्णालयाच्या तारखा आणि संयोजक व कार्यालय काय म्हणाले ते मी गृहीत धरलं आहे, तुम्ही खरं ते लिहा.

> आदरणीय सर,
>
> सविनय नमस्कार.
>
> आपल्या ८ ऑगस्टच्या मेलला आज उत्तर देत आहे. १० ऑगस्टपासून मला डेंग्यू झाला होता. १४ ते १८ ऑगस्ट रुग्णालयात होते आणि महिनाअखेरपर्यंत बसून काम करता येत नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र मी आपल्याला कळवू शकले असते. त्यानंतरचा उशीर मी केला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.
>
> तिसरं प्रकरण: ६४ पैकी २३ तळटिपा दुरुस्त केल्या आहेत, त्या सोबत जोडल्या आहेत. उरलेल्यांपैकी १२ साठी पुराभिलेखागारात जावं लागेल. घरी होण्यासारख्या टिपा २४ सप्टेंबरला आणि पूर्ण प्रकरण १ ऑक्टोबरला पाठवते.
>
> चर्चासत्र: सारांशाची मुदत माझ्याकडून चुकली. संयोजकांशी आज बोलले, ते आता सारांश स्वीकारत नाहीत.
>
> सादरीकरण: समितीची बैठक ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात असल्याचं कार्यालयातून कळलं. त्या आठवड्यात मला कोणताही दिवस चालेल. प्रमाणपत्र कार्यालयाकडे वेगळं देत आहे.
>
> सादरीकरणात तिसरं प्रकरण घ्यावं की दुसरं, एवढं कृपया कळवावं.
>
> आपली विद्यार्थिनी,

यात आजारपणाला दोन वाक्यं आहेत, माफी एकदाच आहे आणि शेवटचा प्रश्न असा आहे, की सर मोबाइलवर ‘तिसरं’ एवढं टाइप करूनही मोकळे होतील. शिस्तीच्या माणसाला नेमकं हेच सोयीचं जातं. ‘आपल्या बहुमूल्य वेळात व्यत्यय आणल्याबद्दल’ वगैरे घालू नका, तुमचा आवाज त्यात हरवतो. प्रत्यक्षात तुम्ही त्यांना ‘तुम्ही’ म्हणत असाल तर मेलमध्येही ‘तुम्ही’च ठेवा. फक्त एका मेलमध्ये ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांची सरमिसळ नको. आणि मेल आज पाहिला, स्पॅममध्ये गेला होता, असं काही चुकूनही लिहू नका. मधल्या काळात तुम्ही दुसऱ्या कुणाला उत्तर दिलं असेल, तर विभागात ते कळतंच.

मेल गेल्यावर सरांना एक साधा मेसेज करा: ‘सर, ८ ऑगस्टच्या मेलला उत्तर पाठवलं आहे.’ मेलच्या आधी करू नका, नाहीतर सगळं स्पष्टीकरण व्हॉट्सॲपवरच सुरू होतं आणि मेल राहून जातो.

उत्तर आलं नाही तर लगेच आठवण करू नका. तुम्हीच दिलेली २४ सप्टेंबर ही तारीख आहे ना, त्या दिवशी टिपा घेऊन त्याच धाग्यात पुन्हा लिहा. टिपा पूर्ण झाल्या नसतील तर जेवढ्या झाल्या तेवढ्या पाठवा, पण दिवस चुकवू नका. आणि उत्तर रागाचं आलं, तर आजारपण पुन्हा समजावत बसू नका. ‘आपलं म्हणणं बरोबर आहे सर, २४ तारखेला टिपा पाठवते’ एवढंच लिहा आणि वही उघडून पुढची टीप घ्या.